मावशीचा बिननंबरी चष्मा आणि अकरा ड्रम रस

मी कमी बोलणारा माणूस आहे. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा आपला फ्रीज जास्त बोलतो. कमी बोलण्याचा एक फायदा असतो, तो मला फार उशिरा कळला: असा माणूस कधीतरी तोंड उघडतो तेव्हा लोक त्याचं सगळं खरं मानतात. या फायद्याचा मी एकदा उपयोग केला. तीन वाक्यांत. ती तीन वाक्यं मी घरी आजवर सांगितलेली नाहीत, म्हणून आधी इथे लिहितो: "शेटजी, मशीन ठीक आहे. रसही ठीक तापवला होता. मावशीच्या डोळ्याला आता दिसत नाही."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरंही खरं होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता. तिसरं शुद्ध खोटं होतं.

सावनेर रस्त्यावर आमचा फळांच्या रसाचा लहानसा कारखाना आहे. मी तिथला केमिस्ट, म्हणजे मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी माझी. आम्ही मूळचे संत्र्याचे लोक. नागपुरात दुसरं काय असणार? संत्र्याच्या बाबतीत आमचं ज्ञान साधं आणि पुरेसं होतं. संत्रं दबलं तरी रस चांगलाच निघतो. सडलं तर सालीवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते, वास सुटतो, फेकून द्यायचं. लपवाछपवी नाही. संत्रं हे फार प्रामाणिक फळ आहे.

पण पावसाळ्यात संत्रं नसतं आणि मशीन रिकामं बसतं. रिकामं मशीन पाहिलं की आमच्या शेटजींचं पोट दुखतं. त्यांनी ठरवलं, या दिवसांत सेबाचा, म्हणजे सफरचंदाचा, रस काढायचा. तेव्हाच एका मोठ्या खरेदीदाराला लहान मुलांच्या बाटल्यांसाठी सेबाचा रस हवा होता. अट एकच, प्रत्येक घाण्याचा बाहेरच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट जोडायचा.

श्रावणात पहिला ट्रक आला. डोंगरात रस्ता खचल्यामुळे तो वाटेत कितीतरी दिवस ताडपत्रीखाली अडकून पडला होता. ओल, उकाडा, आणि खड्ड्यांमधून उड्या मारत आलेल्या पेट्या. ताडपत्री काढली तेव्हा बऱ्याच सेबांना दबल्याचे तपकिरी डाग होते. शेटजी म्हणाले, "रस काढायचा आहे भाऊ, लग्नात मांडायचे आहेत का?" मला ते पटलं. संत्र्याच्या हिशोबाने पटण्यासारखंच होतं.

आमच्याकडे निवडणीचा पट्टा आहे. फळं त्यावरून सरकत जातात आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया खराब फळ उचलून टाकतात. त्या बायांची म्होरकी म्हणजे मावशी. खापा गावच्या विणकर घरातली. सासरे, नवरा, सगळे मागावर बसायचे. माग बंद पडले तशी ती इकडे आली आणि वीस वर्षं त्या पट्ट्याच्या टोकाशी बसली. तुटलेला धागा शोधणारी नजर, ती सडलेलं फळ कशी सोडेल? पट्टा चालू असताना बोलायची, हसायची, समोरच्या बाईला टोमणे मारायची, आणि हात आपला फळ काढून बाजूला टाकत राहायचा, जणू त्या हाताला वेगळं डोकं होतं.

त्या दिवशी दुपारी तिने पट्टा थांबवला. पट्टा थांबवायचा अधिकार फक्त मला होता, म्हणून मी चिडून खाली आलो.

"काय झालं, मावशी?"

तिने एक सेब पुढे केला. बाहेरून लालबुंद, देठाशी एक बारीकसा डाग. मग तिने तो चाकूने मधोमध कापला. आत बियांच्या घरात निळसर-हिरवी बुरशी कापसासारखी बसलेली.

"पाहा जी. वरून नवरदेव, अन् आतून हे असं."

"एखादं असतं तसं."

"एखादं नाई सायेब. मी धा कापले, तीन असे निघाले. अन् हे दबलेले पाहा. डाग दिसते एवढा, आत गेला एवढा." तिने आधी नख आणि मग अख्खं बोट दाखवलं. "या ट्रकातले सेब पट्ट्यावर घालू नका. एकेक पेटी कापून पाहू द्या आमाले. दोन दिवस लागन."

दोन दिवस! बाहेर दुसरा ट्रक उभा होता, वर शेटजी घड्याळ पाहत उभे होते. आणि मी एम.एस्सी. होतो. आवाजात मी जेवढं शिक्षण आणता येईल तेवढं आणलं आणि म्हणालो, "मावशी, आपण रस तापवतो ना? उकळलं की सगळं मरतं."

ती म्हणाली, "मरते तं मरते. पण मेलेलं कुठं जाते, सायेब?"

बाया खो खो हसल्या. मी पट्टा चालू केला. एवढंच नाही, एक खटका पुढे टाकला, म्हणजे वेग वाढवला. आता पट्ट्यावरून सेब असे पळत होते, जणू त्यांची बस चुकणार होती. मावशीच्या हाताच्या वेगळ्या डोक्यालाही ते जमेना.

अकरा ड्रम रस निघाला. सोनेरी, सुगंधी. नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि शेटजींनी व मी उभ्याउभ्याच चव घेतली. मी दोन ग्लास प्यायलो. शेटजी तीन. ते मिशी पुसत म्हणाले, "केमिस्ट साहेब, संत्र्यात उगाच आयुष्य घातलं आपण."

आठ दिवसांनी प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला. वयाने माझ्यापेक्षा लहान, आवाज शांत, आणि हातात आलेख असलेल्या माणसाला जो आत्मविश्वास असतो तो भरपूर.

"सर, तुमच्या नमुन्यात पॅटुलिन एकशे चाळीस आलंय. मर्यादा पन्नासची आहे."

पॅटुलिन हा शब्द मी कॉलेजात एकदा वाचला होता आणि परीक्षेत येणार नाही म्हणून सोडून दिला होता. तो वीस वर्षांनी परीक्षेला आला. दबलेल्या, सडक्या सेबात एक निळी बुरशी वाढते आणि ती हे विष तयार करते. आमच्या संत्र्यांवरची बुरशी वेगळी, ती या भानगडीत नसते. म्हणून माझ्या सगळ्या संत्रीज्ञानाचा इथे शून्य उपयोग होता.

मी धडपड केली. मला आठवलं की रस तापवला की त्यात आणखी एक पदार्थ तयार होतो आणि तपासणीच्या आलेखात तो पॅटुलिनच्या अगदी शेजारी उंचवटा करून बसतो. नवख्या माणसाला दोन्ही एकच वाटतात. मी विजयी स्वरात म्हणालो, "मॅडम, तो पॅटुलिनचा नसेल. शेजारचा असेल."

"सर, दोन्ही वेगळे करूनच पाहिलेत. शेजारचाही आहे. तुम्ही रस जरा जास्तच तापवलाय."

म्हणजे उकळण्यात मी हयगय केली नव्हती, हे लेखी सिद्ध झालं. आणि उकळूनही काही झालं नव्हतं, हेही.

फोन स्पीकरवर टाकून मी शेटजींसमोर ठेवला. पुढचं सगळं मी फक्त ऐकलं.

शेटजींनी विचारलं, "मॅडम, हे पन्नास म्हणजे पन्नास काय?"

"एका किलो रसात पन्नास मायक्रोग्रॅम. साधारण मिठाच्या एका कणाएवढं."

"एक कण! म्हणजे आमच्यात तीन कण निघाले. तीन कणांसाठी अकरा ड्रम? आमच्या घरी भाजीत तर मुठीनं चुकते!"

"मीठ नाही ना सर हे."

"बरं, अजून एक उकळी देतो. दोन देतो."

"बुरशी मरेल, सर. ती आधीच मेलीये. तिने मरायच्या आधी जे रसात सोडलं ते उकळून जात नाही. रस आंबट असतो, त्यात ते चांगलं टिकतं."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. मेलेलं कुठं जातं, याचं उत्तर मिळालं होतं. रसात.

शेटजी हार मानणारे नव्हते. "चांगल्या रसात मिसळून टाकतो. तीन कणांचा एक कण होईल."

"नापास माल चांगल्यात मिसळून पास करायचा नसतो, सर. चांगलाही नापास होतो, आणि मला ते कळलं तर मी रिपोर्टवर सही करणार नाही."

"मग हे जातं तरी कशानं?"

मॅडम जरा घुटमळल्या. "आंबवलं तर बरंचसं जातं. म्हणजे यीस्ट घालून सेबाची दारू केली तर."

शेटजींच्या घरात कांदासुद्धा नोकरांच्या जेवणापुरताच येतो. ते खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे बेवडे सुरक्षित, अन् शाळेतली पोरं धोक्यात? काय कायदा आहे यार!"

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम... मी तीन ग्लास पिऊन बसलो आहे. आठ दिवस झाले."

मी म्हणालो, "मी दोन." त्या सगळ्या संभाषणात माझं एवढंच योगदान.

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "त्याने काही होत नाही हो. एका-दोन ग्लासांनी माणूस पडत असता तर मर्यादा लावायची गरजच नव्हती, लोकांनी आपोआप रस सोडला असता. हे दिसत नाही, त्याला रंग नाही, रसात वास येत नाही. जनावरांवर पाहिलंय, रोज रोज जास्त पोटात गेलं की आतड्यांना त्रास होतो, वजन घटतं. ज्या प्रमाणाला काहीच त्रास झाला नाही, ते प्रमाण घेऊन त्याचा शंभरावा भाग माणसाला रोज चालेल असं धरलं. तेही वजनाच्या हिशोबाने. तुमचं वजन किती, सर?"

"ब्याण्णव," शेटजी अभिमानाने म्हणाले.

"आणि तुमच्या बाटल्या पिणारं मूल पंधरा किलोचं. तोच ग्लास तुम्हाला जेवढा, त्याच्या सहापट त्याला. आणि तुम्ही श्रावणात एकदा प्याल, ते रोज डब्यात नेणार."

शेटजींना एक नात आहे, तिला सेबाचा रस म्हणजे जीव की प्राण. ते म्हणाले, "ओतून टाका."

त्यांचं हे मला नेहमी आवडतं. वाद शेवटच्या दाण्यापर्यंत घालतील, पण पटलं की मागे फिरणार नाहीत. अकरा ड्रम आमच्या सांडपाण्याच्या टाकीत गेले. कारखान्यावर पुढचे चार दिवस एवढा सुंदर वास होता की रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून विचारायचे, इथे मुरंबा मिळतो का.

माझं मात्र पोट दुखायला लागलं. फोन येईपर्यंत आठ दिवस ठणठणीत होतं, फोन ठेवल्याबरोबर दुखायला लागलं. आता मला वाटतं ते पॅटुलिनमुळे नव्हतं. कारण फोन ठेवून शेटजींनी विचारलं होतं, "सेब सडका होता तर तो पट्ट्यावरून आत गेला कसा?"

उत्तर सरळ होतं. मावशीने पट्टा थांबवला होता, मला कापून दाखवलं होतं, आणि मी खटका पुढे टाकला होता. पण माझ्या तोंडून निघाली ती तीन वाक्यं. शेटजींनी मान हलवली. कमी बोलणारा माणूस बोलला होता.

शेटजी दयाळू आहेत. दयाळू माणसाच्या हातात खोटी माहिती पडली की तिचं काय होतं, ते मी पुढे पंधरा दिवस पाहिलं.

त्यांनी मावशीला ओरडायचं सोडून स्वतःच्या गाडीतून कन्हानला नेत्र तपासणीच्या शिबिरात पाठवलं. वर निरोप दिला, चष्मा माझ्याकडून. फ्रेम तर त्यांनी आधीच निवडून ठेवली होती, जाड, काळी, एखाद्या हेडमास्तरला शोभेलशी. मावशी संध्याकाळी परत आली ती फ्रेम नाकावर ठेवून आणि हातात चिठ्ठी घेऊन. चिठ्ठी इंग्रजीत होती. ती सरळ माझ्याकडे आली.

"सायेब, काय लिवलं हाये पाहा जी. तो डॉक्टर भाय घाईत होता. म्हणे शेटजीनं फ्रेम देली तं साध्या काचा बसवून देतो."

मी चिठ्ठी वाचली. दोन्ही डोळे, दूरचं, जवळचं, सगळीकडे शून्य. साठीच्या घरातल्या बाईचे असे डोळे मी ऐकलेही नव्हते. माझा स्वतःचा नंबर अडीच.

"काय म्हणते?"

"ठीक आहे," मी म्हणालो. "वापरत राहा."

ती चिठ्ठी मी घडी करून माझ्या टेबलाच्या खणात टाकली. दुसऱ्या खोट्याला पहिल्याइतका त्रासही झाला नाही, हे सांगायला लाज वाटते, पण सांगायचंच ठरवलं आहे.

डोळे गेलेल्या बाईला निवडणीवर कसं ठेवणार? मावशीला लेबलाच्या टेबलावर बसवलं. पट्ट्याच्या टोकाला दुसरी बाई आली, तिला सेबापेक्षा मोबाईल बरा ओळखू यायचा. मावशी लेबलं चिकटवायची आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायची. चष्मा नाकावरून सारखा घसरायचा, तो एका हाताने वर ढकलायचा म्हटलं की लेबल तिरपं. त्या पंधरवड्यातल्या आमच्या सगळ्या बाटल्या मान वाकडी करून उभ्या होत्या.

"मावशी, चष्मा काढून चिकटव ना," एक बाई म्हणाली.

"काहून वं? शेटजीनं देला हाये. त्यायचा मान नाई ठेवाव का?" आणि मग माझ्याकडे बघून, "अन् मले तं दिसत नाई ना आता. सायेब सांगून राहिले होते."

म्हणजे तिला कळलं होतं, कोणी सांगितलं ते. पण ती तेवढंच बोलली. कापून दाखवलेल्या सेबाबद्दल तिने शेटजींना काही सांगितलं नाही, त्या दिवशी नाही की नंतर नाही. ते बायांनीही सांगितलं नाही. मी वाट बघत राहिलो की कोणीतरी सांगेल आणि माझी सुटका होईल. कोणीही माझ्यावर तेवढी दया केली नाही.

मग शेटजींनी मला बोलावून सांगितलं, "पोळा झाला की मावशीला सन्मानानं निरोप देऊ. साडी, नारळ, हार. या वयात डोळे गेले, किती दिवस राबवायचं? तुम्ही दोन शब्द बोला. तुम्ही बोलता कुठं, पण तुम्ही बोलला की वजन पडते."

मावशीला हे कुठून तरी कळलं. ती माझ्या टेबलाशी आली, पहिल्यांदाच चष्मा काढून. "सायेब, तुमी शेटजीले सांगा. मले घरी बसवू नका. लेबल चिकटवन, झाडू मारन. घरी बसली तं मी मरून जाईन जी. माग बंद झाला तवा माह्या नवरा घरी बसला होता, तो दोन वर्षं नाई टिकला."

मी म्हणालो, "बघू."

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, गावची रोगराई सोबत घेऊन जाणारी राक्षसिणीची मूर्ती. शहरात मोठ्या मारबतींच्या मिरवणुका, त्यांच्यामागे सालभर ज्याचा राग आला त्याचे पुतळे, म्हणजे बडगे. महागाई, खड्डे, पुढारी, काय वाटेल ते. प्रत्येकाने ओरडायचं, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! आमच्या कारखान्यातल्या बायाही अंगणात एक छोटा बडगा करतात, ढोल लावून फाटकाबाहेर नेतात आणि जाळतात. घोषणा द्यायचा मान मावशीचा.

त्या वर्षीचा बडगा सेबाच्या खोक्यांचा होता. पोटात गवत, तोंडाला निळा रंग. छातीवर पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात: उकळलं की सगळं मरते.

मी खांबामागे उभा राहिलो. शेटजी पुठ्ठा वाचून खूश झाले. "बरोबर! मॅडम हेच म्हणत होत्या. जागृती झाली पाहिजे." ते वाक्य कोणाचं आहे, हे त्या अंगणात त्यांच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

मावशी पुढे झाली. नाकावर चष्मा. "सडके सेब..."

"घेऊन जा गे मारबत!"

"पट्ट्याची घाई..."

"घेऊन जा गे मारबत!"

शेटजीही मुठी वर करून ओरडत होते. मग रिवाजाप्रमाणे एकेकाची पाळी. कोणी सासूला पाठवलं, कोणी कंबरदुखीला. शेटजींनी पॅटुलिनला पाठवलं, उच्चार जरा चुकला, पण भावना पोचली. मग मावशी माझ्याकडे वळली. चष्म्याच्या वरून. "सायेब, तुमचं काय न्यायचं हाये?"

मी ठरवलं, आत्ताच. मोठा श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा घसा फाडून ओरडलो, "मावशीचे डोळे चांगले आहेत, पट्टा मी पळवला, मी खोटं बोललो!"

नेमक्या त्याच क्षणी ढोलवाल्याला उत्साह आला. त्याने असा काही कडकडाट केला की माझा शब्द मलाच ऐकू आला नाही. सगळे जोरात ओरडले, "घेऊन जा गे मारबत!" शेटजींनी माझी पाठ थोपटली. "वा! काय आवाज आहे हो तुमचा!"

बडगा जळला. घरी जाताना मला खरंच हलकं वाटत होतं. आपण कबूल केलं. कोणी ऐकलं नाही, त्याला आपण काय करणार? हा युक्तिवाद मी जेवणापर्यंत चालवला. बायकोने विचारलं, आज आवाज का बसलाय? मी म्हणालो, ढोलामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटजींच्या खोलीत टेबलावर साडी, नारळ आणि हार मांडून ठेवलेला होता. साडी मोरपंखी होती. ती पाहिली आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी खणातून चिठ्ठी आणून साडीवर ठेवली.

"हे काय?"

"मावशीच्या डोळ्यांचा रिपोर्ट. शून्य नंबर."

"शून्य? म्हणजे पार गेले?"

"नाही शेटजी. म्हणजे काहीच दोष नाही." आणि मग मी सगळं सांगितलं. कापलेला सेब, बियांच्या घरातली बुरशी, तिने मागितलेले दोन दिवस, माझं वाक्य, पुढे टाकलेला खटका, तीन वाक्यं, चिठ्ठी. खोलीत ढोल नव्हता. पंखासुद्धा बंद होता.

शेटजींनी चिठ्ठी उचलली. ते काय म्हणतील याच्या शंभर कल्पना मी केल्या होत्या. ते म्हणाले, "मग त्या बाईच्या नाकावर मी पंधरा दिवस काय ठेवलं?"

"साधी काच, शेटजी."

"अन् तो पुठ्ठा? उकळलं की..."

"माझा."

ते उठले, हार उचलला, आणि एक क्षण मला वाटलं आता तो माझ्या गळ्यात घालून मलाच निरोप देतात. त्यांनी तो खिडकीतल्या गणपतीला घातला. मग मावशीला बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय म्हणतात ते ऐका. मी बाहेर जातो, माझ्यानं ऐकवत नाही दोनदा."

मी सांगायला लागलो. मावशीने हात वर करून मला थांबवलं. "ऐकलं जी कालच. मी ढोलाच्या बाजूले नोती, तुमच्या बाजूले होती."

"मग काल का नाही बोललीस?"

"तुमी शेटजीले सांगता का नाई, ते पाहाचं होतं. डोळे चांगले हायेत ना माहे."

त्या दिवसापासून मावशी पुन्हा पट्ट्याच्या टोकाला. तिने दोन अटी घातल्या. प्रत्येक ट्रकातल्या काही पेट्या आधी कापून पाहायच्या, आतून निळं निघालं तर तो ट्रक परत. आणि पट्टा थांबवायचं बटण तिच्या हाताशी. तिसरी अट शेटजींनी घातली, ती माझ्यासाठी होती. आठ दिवस निवडणीवर मी बसायचं, मावशीच्या हाताखाली.

बसलो. सडका भाग डागाच्या कडेला कापला की ती माझा हात मारायची. "दिसते तेवढंच कापता काय? बोटभर मांगून कापा. रस झिरपते तसं जहरबी झिरपते." धुण्याचं पाणी तेच तेच वापरलं की बदलायला लावायची, कारण धुतलेलं त्याच पाण्यात उतरतं आणि दुसऱ्या फळाला लागतं. हे सगळं मॅडमनी मला फोनवर समजावून सांगितलं होतं. मावशीला कोणी सांगितलं होतं, देव जाणे. चौथ्या दिवशी मी एक देखणा, टणक सेब हौसेने कापला, आत निळा कापूस. मी तो तिला दाखवला.

"उकळून पाहा ना," ती म्हणाली, आणि अख्खा पट्टा हसून बंद पडला. शब्दशः बंद पडला, तिने बटणच दाबलं.

नव्या घाण्याचा रिपोर्ट आला. नऊ. मी धावत खाली गेलो. "मावशी, नऊ! पन्नासच्या खाली पाहिजे होतं, नऊ आलं!"

तिने चष्मा लावला. हो, चष्मा तिने ठेवला आहे. कोणाला झापायचं असलं की ती तो लावते आणि वरून बघते. "शून्य काहून नाई?"

मी समजावलं, की झाडावरून आलेल्या फळात थोडीफार बुरशी असणारच, एवढ्या सेबांमधून एखादा निसटतोच. शून्याचा हट्ट धरला तर कोणीच रस काढू शकणार नाही. म्हणून पन्नासवर रेघ मारली आहे. पण ती शेवटची रेघ, तिच्यावर जाऊन बसायचं नसतं, जेवढं खाली राहता येईल तेवढं राहायचं. मॅडमचीच वाक्यं, मी फक्त पोचवत होतो.

तिने लक्ष देऊन ऐकलं. मग पट्ट्याकडे, बायांकडे, आणि शेवटी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मंग हे नऊ कोनाच्या हातून निसटले?"

आठ दिवस मी पट्ट्यावर होतो. माझ्यासमोरून काय काय गेलं, ते मलाच माहीत. डाव्या बाजूची मोबाईलवाली बाई मान खाली घालून बसली होती. तिचं नाव घेणं किती सोपं होतं.

"माझ्या," मी म्हणालो.

"हाव," मावशी म्हणाली, "मी पाहून राहिली होती." आणि तिने बटण दाबून पट्टा चालू केला.